मदत हवी आहे : योग दिनाच्या वर्गाला नवशिके नाव नोंदवत नाहीत

सावली_योग : २१ जूनच्या मोफत वर्गाची नोंदणी सुरू केलीय. "नवशिक्यांचेही स्वागत" असं ठळक लिहिलंय, तरी नावं जुन्याच विद्यार्थ्यांची. मजकुरात काय बदलू? आज रात्री पुन्हा टाकायचाय.

टिवटिव : वेळ? जागा किती? फोटो कसला लावलाय?

सावली_योग : सकाळी सहा, फॉर्ममध्ये आहे ना. हॉल २० बाय ३० फूट, चाळीस जण घेऊ. फोटो शीर्षासनाचा. त्याचा काय संबंध?

कुंभक : शीर्षासन बघून नवखा माणूस पुढचं वाचतच नाही. आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा प्रोटोकॉल घेणार असाल तर त्यात शीर्षासन नाहीच. ताडासनाचा फोटो लावा.

आणि चाळीस मावणार नाहीत. मॅट ६ बाय २ ची असली तरी त्रिकोणासनात हात पसरले की माणसाला रुंदीत ५ फूट लागतात, लांबीत ७. म्हणजे रांगेत चार. शिक्षकासाठी ५ आणि दाराशी चपलांना ४ फूट सोडले की तीन रांगा. बाराच झाले! सहा आणि सव्वासात अशा दोन तुकड्या करा.

दिनकर१२ : प्रोटोकॉल कशाला? बारा सूर्यनमस्कार घाला, सगळ्यांना येतात.

कुंभक : प्रोटोकॉलमध्ये सूर्यनमस्कार नाहीत. नवख्याचा सगळा भार मनगटांवर येतो, कंबर खचते, आणि तिसऱ्या नमस्काराला दम लागतो.

दिनकर१२ : शाळेत सगळ्यांनी घातलेत.

टिवटिव : शाळा सुटून तीस वर्षं झालेल्यांनाच बोलवायचंय ना?

रमाकाकू : मला बीपी आहे. कपालभाती केली तर चालेल का?

कुंभक : काकू, बीपी वाढलेलं असेल तर करू नका, डॉक्टरांना विचारा. सावली, हाच प्रश्न फॉर्ममध्ये घाला : बीपी, हर्निया, गरोदरपण, पोटाची शस्त्रक्रिया. अशांना त्या वेळी नुसतं शांत बसवायचं. वज्रासनात गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या ठेवा आणि तसं जाहिरातीतच लिहा. असं काहीतरी :

"याआधी योग केला नसेल तरी चालेल. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची आहे. रिकाम्या पोटी, सैल कपड्यांत, दहा मिनिटं आधी या. मॅट आम्ही देऊ. एका तुकडीत बाराच जण, पहिली तुकडी फक्त नवशिक्यांची."

सावली_योग : जुने विद्यार्थी रुसतील.

कुंभक : त्यांना सव्वासातला बोलवा. शेजारी कुणी सहज वाकताना दिसलं की नवखा जोर लावतो, आणि पादहस्तासनात पाठ धरते.

टिवटिव : मोफत असेल तर नाव देऊन न येणारे बरेच निघतात. शंभर रुपये घ्या, आल्यावर परत करा.

दिनकर१२ : योग दिनाला पैसे? शोभतं का? आदल्या दिवशी फोन करा आणि येत नसेल त्याची जागा दुसऱ्याला द्या.

सावली_योग : पैशांचं बघते. खुर्च्या प्लास्टिकच्या चालतील?

कुंभक : चालतील, पण हात नसलेल्या घ्या. वक्रासन बसून करताना हात अडतात. आणि फरशीवर सरकतात, पाय भिंतीला टेकवून ठेवा.