शब्दचर्चा: सेन्सिटिव्हिटी, स्पेसिफिसिटी आणि ‘पॉझिटिव्ह आला तर’

अनुवादिनी
एचआयव्ही तपासणीच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. किटच्या माहितीत सेन्सिटिव्हिटी ९९.५ टक्के आणि स्पेसिफिसिटीही ९९.५ टक्के असं दिलंय. परिभाषेत ‘संवेदनशीलता’ आणि ‘विशिष्टता’ हे शब्द मिळाले, पण पत्रक वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? काम देणारे म्हणतात, सरळ लिहा: ‘चाचणी ९९.५ टक्के अचूक आहे, म्हणजे पॉझिटिव्ह आली तर लागण असण्याची शक्यता ९९.५ टक्के.’ हे वाक्य चालेल का?

बडबड्या
न चालायला काय झालं? संवेदनशील चाचणी रोगी सुटू देत नाही, विशिष्ट चाचणी निरोग्याला उगाच धरत नाही. दोन्ही ९९.५ आहेत, म्हणजे दोनशे माणसांत एक चूक. पॉझिटिव्ह आला तर ९९.५ टक्के खरा. लिहून टाका.

दवबिंदू
आमच्या सासूबाईंच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये चार औषधांपुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहून आलं होतं आणि बाकीच्यांपुढे ‘रेझिस्टंट’. डॉक्टर म्हणाले, सेन्सिटिव्ह असेल तेच औषध द्यायचं. मग इथे टक्के कशाचे? औषध किती लागू पडेल त्याचे का?

सूक्ष्मदर्शी
दवबिंदूताई, तो कल्चरचा रिपोर्ट. तिथे सेन्सिटिव्ह असतो तो जंतू, म्हणजे त्या औषधाने तो मरतो किंवा त्याची वाढ थांबते. इथे चाललंय ते चाचणीबद्दल. शब्द एकच, कामं दोन. आमच्या लॅबमध्ये तर तिसरंही आहे. रक्तातला एखादा पदार्थ किती कमी असला तरी मशीन पकडतं, त्यालाही सेन्सिटिव्हिटीच म्हणतात.

आता बडबड्या. संवेदनशील आणि विशिष्ट चाचणीचं तुम्ही सांगितलंत ते बरोबर, ‘पॉझिटिव्ह आला तर ९९.५ टक्के खरा’ हे घसरलं. सेन्सिटिव्हिटी मोजताना काय करतात? ज्यांना लागण आहे हे आधीच पक्कं ठाऊक आहे अशांचे नमुने घेतात आणि त्यातले किती पॉझिटिव्ह येतात ते पाहतात. स्पेसिफिसिटीसाठी ज्यांना लागण नाही हे पक्कं ठाऊक आहे त्यांचे नमुने, आणि त्यातले किती निगेटिव्ह येतात ते. दोन्हीकडे खरं उत्तर आधी हातात असतं. समुपदेशकासमोर बसलेल्या माणसाचं उलट असतं. त्याच्या हातात रिपोर्ट आहे आणि खरं काय ते त्याला हवंय. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू, आणि ते किटच्या खोक्यावर छापता येत नाही.

बडबड्या
का नाही छापता येत? ९९.५ ला ९९.५.

सूक्ष्मदर्शी
मांडूनच दाखवतो. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ढोबळमानाने ०.२ टक्के आहे. कुठलीच खास जोखीम नसलेली १ लाख माणसं तपासली असं धरा.

लागण असलेले २००. त्यातले १९९ पॉझिटिव्ह येतील, १ सुटेल.
लागण नसलेले ९९,८००. त्यांच्यात चुकीचे पॉझिटिव्ह अर्धा टक्का, म्हणजे ४९९.

एकूण पॉझिटिव्ह ६९८. त्यात खरे १९९. भागून पाहा, २८.५ टक्के. दहा पॉझिटिव्हमधले सात जण निरोगी!

आता तेच किट, तोच टेक्निशियन, पण समोर असा गट जिथे दहा टक्के लोकांना लागण आहे. पुन्हा १ लाख. लागण असलेले १०,०००, त्यातले ९,९५० पॉझिटिव्ह, ५० सुटले. नसलेले ९०,०००, त्यात चुकीचे पॉझिटिव्ह ४५०. एकूण पॉझिटिव्ह १०,४०० आणि खरे ९,९५०. आता ९५.७ टक्के.

किटमध्ये काडीचा फरक नाही. चुकीचे पॉझिटिव्हही दोन्हीकडे जवळपास तेवढेच, ४९९ आणि ४५०. बदलले ते खरे पॉझिटिव्ह, १९९ चे ९,९५० झाले. पहिल्या गर्दीत खरे इतके थोडे आहेत, की खोट्यांच्या संख्येपुढे ते बुडून जातात.

अनुवादिनी
अरे बापरे. म्हणजे त्यांचं वाक्य लिहिलं असतं तर पहिल्या गटातल्या निरोगी माणसाला आपण सांगितलं असतं की तुला जवळजवळ नक्की लागण आहे.

कोकणकडा
हे माझ्याबाबतीत झालंय. रक्तदान शिबिरात रक्त दिलं, काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन, ‘येऊन भेटा’. फोनवर काही सांगेनात. गेलो तर म्हणे एचआयव्ही रिअ‍ॅक्टिव्ह आहे, सरकारी केंद्रात जाऊन पक्कं करून घ्या. चिठ्ठी हातात आणि पायाखालची जमीन गेली. बायकोला काय सांगू हेच डोक्यात. केंद्रात रिपोर्ट निगेटिव्ह आला. तेव्हापासून माझ्या मनात आहे की पेढीवाल्यांचं किटच भिकार असणार.

सूक्ष्मदर्शी
दादा, तुम्हाला झालेला त्रास मी कमी लेखत नाही. पण किट भिकार असायची गरजच नाही. वरचा ४९९ चा आकडा चांगल्याच किटचा आहे. पेढीला एकच भीती असते, ती म्हणजे सुटलेला एक. ते रक्त कुणाच्या तरी अंगात जाणार. म्हणून तिथे एका चाचणीत रिअ‍ॅक्टिव्ह आली की पिशवी बाद, चर्चा नाही. पिशवी बाद करणं आणि माणसाला रोगी म्हणणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिठ्ठी देताना हे तुम्हाला कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं.

‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द मुद्दाम वापरतात तो ह्यासाठीच. किटच्या पट्टीवर ‘सी’ अक्षरासमोर रेघ उमटली म्हणजे चाचणी नीट झाली, आणि ‘टी’समोरही उमटली, अगदी फिकट असली तरी, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह. तेवढ्यावर ‘पॉझिटिव्ह’ लिहायचं नाही. सरकारी केंद्रात पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वेगळ्या किटवर तपासतात. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आल्या तरच पॉझिटिव्ह. पुढच्या चाचण्यांचं एकमत नसेल तर रिपोर्ट अनिश्चित, आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना.

आकडेमोड
तीन किटांमागचं गणित सूक्ष्मदर्शींच्या उदाहरणातच आहे. पहिल्या चाचणीनंतर ६९८ जणांचा नवा गट तयार झाला. ह्या गटात लागणीचं प्रमाण ०.२ राहिलं नाही, २८.५ टक्के झालं. त्यांनाच तेवढ्याच क्षमतेचं दुसरं किट लावा. १९९ पैकी १९८ पुन्हा रिअ‍ॅक्टिव्ह, ४९९ पैकी दोन किंवा तीन. म्हणजे आता रिअ‍ॅक्टिव्ह असलेल्यांत जवळपास ९९ टक्के खरे. दुसरं किट पहिल्याहून भारी नाही. त्याला फक्त चाळून आलेली माणसं मिळाली.

म्हणूनच बडबड्या, ‘प्रमाण’ म्हणजे देशाचं प्रमाण नव्हे. चाचणीसमोर जो गट प्रत्यक्ष उभा आहे त्यातलं प्रमाण.

बडबड्या
पटलं. मग लग्नाआधी दोघांची एचआयव्ही तपासणी सक्तीची करा म्हणणारे अधूनमधून उगवतात, त्यांचं काय? मला आजवर ते बरोबर वाटायचं.

आकडेमोड
हा प्रयोग अमेरिकेत इलिनॉय राज्याने करून पाहिलाय. १ जानेवारी १९८८ पासून लग्नाच्या परवान्यासाठी तपासणी सक्तीची केली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदार तपासले, लागण निघाली ८ जणांना. प्रमाण ०.०११ टक्के. तिथे पक्कं करणारी पुढची चाचणीही होती, पण समजा आपलं ९९.५ वालं एकच किट वापरलं असतं, तर ८ खऱ्यांबरोबर ३५४ निरोगी माणसं पॉझिटिव्ह ठरली असती. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्टला अर्थ जेमतेम २ टक्के, आणि तोही लग्नाच्या तोंडावर! खर्च अफाट झाला, कित्येक जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करून आली आणि १९८९ मध्ये कायदा मागे घेतला. आपल्याकडे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडले तर, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही.

दवबिंदू
पॉझिटिव्हचं कळलं. निगेटिव्ह आला तर? त्यातही अशीच गंमत आहे का?

सूक्ष्मदर्शी
निगेटिव्हची बाजू इथे भक्कम आहे. पहिल्या गटात ९९,३०२ निगेटिव्ह, त्यात चुकीचा १. दुसऱ्या गटात ८९,६०० निगेटिव्ह, त्यात चुकीचे ५०. म्हणजे प्रमाण वाढलं की निगेटिव्हवरचा भरवसा किंचित उतरतो, पण तरी ९९.९ च्या वरच.

पण हे कागदावर. सेन्सिटिव्हिटीचा आकडा बहुतेक करून लागण होऊन काळ लोटलेल्यांच्या नमुन्यांवर काढलेला असतो. ही चाचणी शोधते शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. दहा दिवसांपूर्वी जोखीम घेतलेल्या माणसाला ९९.५ हा आकडा लागूच नाही. त्याचा निगेटिव्ह म्हणजे ‘अजून दिसत नाही’, एवढंच.

अनुवादिनी
मग मी असं लिहिते, बघा: ‘लागण असलेल्या दर हजार जणांपैकी सुमारे ९९५ जणांची ही चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह येते. लागण नसलेल्या दर हजार जणांपैकी सुमारे ५ जणांचीही रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते. म्हणून एका चाचणीवरून लागण आहे असं ठरत नाही.’ संवेदनशीलता, विशिष्टता हे शब्द तळटीपेत. आणि प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूला ‘भाकीतमूल्य’ म्हणू का?

सूक्ष्मदर्शी
वाक्यं झकास. ‘नुकतीच जोखीम झाली असेल तर समुपदेशकाने सांगितलेल्या तारखेला पुन्हा या’ हे जोडा. ‘भाकीतमूल्य’ मला खटकतं. भाकीत म्हटलं की उद्याचं काहीतरी वाटतं, इथे तर आज लागण आहे की नाही एवढंच ठरवायचंय. ‘पॉझिटिव्ह आलेल्यांत खरे किती’ असंच लिहा.

बडबड्या
आणि ‘भाकीतमूल्य’ परीक्षेत विचारलं तर? विद्यार्थ्यांना शब्द लागतोच हो. मी तो राहू देईन.

आकडेमोड
शब्दावर तुम्ही भांडा, मला दुसरंच कुरतडतंय. ते दुसऱ्या किटचं गणित मी मांडलं खरं, पण त्यात धरून चाललो की पहिल्या किटवर चुकून रिअ‍ॅक्टिव्ह आलेला माणूस दुसऱ्यावर चुकायची शक्यता इतरांइतकीच. एखाद्याच्या रक्तातच असं काही असेल जे दोन्ही किटांना चिकटतं, तर ४९९ मधले अडीच नाही, पंचवीसही उरतील.

सूक्ष्मदर्शी
म्हणूनच किटं वेगळ्या अँटिजेनची, म्हणजे प्रतिपिंडं ज्याला चिकटतात तो पदार्थ वेगळा असलेली, किंवा वेगळ्या तत्त्वाची निवडतात. तेच किट दोनदा लावलं तर ती दुसरी चाचणी नव्हेच. पण तुमचा आक्षेप पुरता मिटत नाही हे खरंय. वेगळी म्हणून घेतलेली दोन किटं प्रत्यक्षात किती वेगळी वागतात, हे त्या भागातल्या नमुन्यांवर एकत्र लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

कोकणकडा
एवढं सांगा, मी पुन्हा रक्त देऊ शकतो का? त्या पेढीत दोन उत्तरं मिळाली, एकाने हो म्हटलं, एकाने नाही.

सूक्ष्मदर्शी
दादा, ह्यावर मी इथून हो-नाही म्हणणार नाही. केंद्रातला निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन पेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाच भेटा, काउंटरवर विचारू नका, आणि जे उत्तर मिळेल ते लेखी मागा.