जादा पगाराची वसुली : आकडा ढोबळ की हातात आलेला?

> "मागच्या वर्षी सहा महिने भत्ता दरमहा ४,००० जास्त जमा झाला म्हणे. आता २४,००० दोन महिन्यांत कापणार. लेखी काय मागू?"

आधी महिनावार हिशोब मागा : त्या महिन्यांच्या स्लिपा, देय किती, दिला किती, फरक किती. चुकून दिलेला जादा पगार कापता येतो, ते कायद्यात आहेच. पण एका महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत, हीही अट आहे (सोसायटीचे हप्ते असतील तर जुन्या कायद्यात पाऊण).

खरी मेख मात्र २४,००० या आकड्यात आहे. महाप्याच्या एका कंपनीत माझ्याबाबतीत हेच झालं. मी २० टक्क्यांच्या टप्प्यात होतो, उपकर धरून ४,९९२ रुपये टीडीएस आधीच कापलेला, म्हणजे खात्यात आले १९,००८. एचआर मागत होतं पूर्ण २४,०००. चालू आर्थिक वर्षात असतं तर उरलेल्या महिन्यांत टीडीएस कमी करून मेळ बसला असता. पण वर्ष उलटलं होतं आणि फॉर्म १६ मध्ये ती रक्कम माझं उत्पन्न म्हणून गेली होती.

म्हणून ईमेलमध्ये सरळ विचारा : वसुली ढोबळ रकमेची की निव्वळ? ढोबळ असेल तर सुधारित फॉर्म १६ कधी देणार? त्या भत्त्यावर पीएफ कापला असेल तर त्याचं काय? सोबत हप्ते मागा. मी सहा मागितले, चार मिळाले. आणि नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम कशी घेणार, तेही त्याच ईमेलमध्ये लिहून घ्या. उत्तर येईपर्यंत कोऱ्या संमतीपत्रावर सही करू नका.