रँडम सर्च म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे?

सीताबर्डीचे_सर
शेवटच्या वर्षाची मुलं हल्ली मॉडेलचे हायपरपॅरामीटर, म्हणजे ट्रेनिंगआधी आपण ठरवायचे आकडे, रँडम सर्चने निवडून प्रकल्प आणतात. का, विचारलं की म्हणतात, "सर, वेळ वाचतो." मला हे अंदाजपंचे काम वाटतं. ग्रिडमध्ये ठरवलेल्या आकड्यांची प्रत्येक जुळणी चालवून बघतात, त्यात शिस्त आहे, काय तपासलं ते तक्त्यात दिसतं. आणि ग्रिड नकोच असेल तर सरळ बेझियन करा, त्यात मागचे निकाल बघून पुढचा आकडा निवडतात, निदान डोकं तरी लावलेलं असतं.

धरमपेठ_कोडर
सर, हे वाचून राहवलं नाही. शिस्त कुठे आहे ते आकड्यांतच बघू.

संत्र्याच्या फोटोंवरून फळाची प्रत ठरवणारं मॉडेल घ्या. लर्निंग रेट, वेट डिके आणि ड्रॉपआउट, तिघांचे पाच-पाच आकडे. झाले 125 रन. एका रनला अर्धा तास धरला तर साडेबासष्ट तास. आता लर्निंग रेटचे तुमचे पाच आकडे कोणते? 0.1, 0.01, 0.001, 0.0001, 0.00001. समजा या मॉडेलला 0.0002 ते 0.0006 हा पट्टा मानवतो. तुमच्या 125 पैकी एकही रन त्या पट्ट्यात पडत नाही. उलट 0.1 वर 25 आणि 0.01 वर 25 रन जातात, जिथे लॉस पहिल्याच इपॉकला उधळतो. तिथे ड्रॉपआउट बदलून काय उपयोग?

दुखणं इथेच आहे. सगळे हायपरपॅरामीटर सारखे महत्त्वाचे नसतात. बहुतेक वेळा एक-दोनच निकाल फिरवतात, बाकीचे नावापुरते. कोणते, ते आधी माहीत नसतं आणि डेटा बदलला की तेही बदलतं. ग्रिड त्या महत्त्वाच्या एकाला पाचच जागी तपासते आणि उरलेली मेहनत बिनमहत्त्वाच्यांवर घालते. रँडमच्या 60 रनमध्ये लर्निंग रेटचे 60 वेगवेगळे आकडे तपासले जातात. लॉग मापावर त्यातले सरासरी सातेक त्या पट्ट्यात पडतात, तेही तीस तासांत. बर्गस्ट्रा आणि बेंजिओ यांनी 2012 च्या पेपरात हेच दाखवलं.

खामला_भाऊ
मी तं करून पायलं भाऊ रँडम. रात्रभर कूलर लावून मशीन चालवलं, अन् सकाळी पायतो तं सगळे रन वाया. ग्रिडनं निदान 0.001 वर ठीकठाक उत्तर देल्लं होतं. कायचं जिंकते रँडम?

धरमपेठ_कोडर
लर्निंग रेट कसा काढला होता? कोड टाका.

खामला_भाऊ
```python
lr = np.random.uniform(1e-5, 1e-1)
```

धरमपेठ_कोडर
हे बघा, इथेच गडबड आहे. असे आकडे काढले की दहातले नऊ 0.01 च्या वर जातात आणि 0.001 च्या खाली शंभरात एखादाच येतो. तुमचे जवळपास सगळे रन उधळणाऱ्या भागात गेले. लर्निंग रेट आणि वेट डिके लॉग मापावर काढायचे असतात:
```python
from scipy.stats import loguniform
lr = loguniform(1e-5, 1e-1).rvs(60)
```
रन लावण्याआधी आलेले आकडे क्रमाने लावून नुसते नजरेखालून घाला. दर दहापटीच्या टप्प्यात पंधराच्या आसपास दिसले की ठीक. ड्रॉपआउटला मात्र साधं `uniform` चालतं.

खामला_भाऊ
हाव, आकडे पायले, सगळे 0.02 अन् 0.08 च्या मधातलेच निंगाले. पन हे कोनी आधी सांगत नाही ना बे!

मिहान_नाइट_शिफ्ट
एवढा वाद कशाला? 60 रँडम रन केले की 95 टक्के ॲक्युरसी मिळते, हे गणितानेच सिद्ध आहे.

धरमपेठ_कोडर
नाही हो! 95 टक्के ही शक्यता आहे. तुम्ही आखलेल्या जागेतल्या सर्वोत्तम पाच टक्क्यांत 60 पैकी निदान एक रन पडण्याची शक्यता, 1 − 0.95⁶⁰, म्हणजे साधारण 95 टक्के. ॲक्युरसीचा त्यात शब्दही नाही. रेंजच चुकीची आखली असेल तर वाईटातलं बरं तेवढं हाती लागेल.

सीताबर्डीचे_सर
लर्निंग रेटचं मान्य. पण तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, "हाच आकडा का?" तिथे "नशिबाने आला" हे उत्तर चालत नाही. तक्ता दाखवावाच लागतो.

महाल_एमटेक
सर, माफ करा, पण या तक्त्यापायी माझं अख्खं सत्र गेलं आहे. आमच्या विभागात (नाव घेत नाही) चौकोनी तक्ता नसेल तर गाइड सहीच करत नसत. मे महिन्यात लॅबचा एसी बंद, दुपारी वीज गेली आणि ग्रिड मध्येच अडकली. लर्निंग रेट बाहेरच्या लूपमध्ये होता, त्यामुळे पहिले दोनच आकडे पूर्ण झाले, बाकीच्यांना हातच लागला नाही. रँडम असतं तर जेवढे रन झाले तेवढे सगळ्या रेंजभर पसरलेले असते.

सीताबर्डीचे_सर
विजेचा दोष ग्रिडवर कशाला? चेकपॉइंट ठेवायचे. आणि सही न करणारे सगळेच गाइड आडमुठे नसतात. मुलं कोड उतरवून आणतात, एक आकडा का बदलला ते सांगता येत नाही. तक्त्यामुळे निदान विचार तरी करावा लागतो.

महाल_एमटेक
विचार करावा लागतो? आमच्याकडे मागच्या बॅचचा तक्ता आकडे बदलून चिकटवतात, सर! सगळ्यांना माहीत आहे.

धरमपेठ_कोडर
भांडू नका. सर, रँडमचाही तक्ता होतो. रँडम आकडे ज्यापासून सुरू होतात तो सीड लिहून ठेवा, तोच कोड आणि तोच सीड दिला की तेच 60 आकडे पुन्हा येतात. आडव्या अक्षावर लर्निंग रेट, उभ्या अक्षावर व्हॅलिडेशन स्कोअर घेऊन 60 ठिपके काढा. मधे उंचवटा दिसतो. ड्रॉपआउटचा तसाच आलेख काढला आणि ठिपके नुसते विखुरलेले दिसले, तर त्याचा फारसा परिणाम नाही. परीक्षकाला "हाच का?" याचं उत्तर तिथेच मिळतं.

सीताबर्डीचे_सर
ठिपक्यांचा आलेख मागून बघेन. एक-दोनच पॅरामीटर असतील तर मात्र मी ग्रिडच करायला लावणार.

धरमपेठ_कोडर
दोनपर्यंत माझीही हरकत नाही.

टेलिकॉमनगर_रिसर्च
बेझियनला तुम्ही सफाईने बगल दिलीत. 2020 च्या न्यूरिप्स परिषदेतल्या ब्लॅक-बॉक्स स्पर्धेत बेझियन पद्धतींनी रँडमला स्पष्ट मागे टाकलं होतं. आमच्याकडे एका रनला दीड दिवस लागतो, 60 रन कोण करणार? मागचे निकाल बघून पुढचा आकडा निवडणं हाच शहाणपणा आहे.

धरमपेठ_कोडर
दीड दिवसाचा रन, मोजकेच पॅरामीटर आणि एकच मशीन असेल तर तुमचं बरोबर. पण बेझियनसाठी वापरतात त्या `Optuna` लायब्ररीचा नेहमीचा सॅम्पलर पहिले दहा रन रँडमच करतो, त्यामुळे वीसच रनचं बजेट असेल तर निम्मं काम रँडमचंच. शिवाय बेझियनला आधीचा निकाल हवा. आठ मशीन एकदम लावल्या तर तो अर्धवट माहितीवर निवडतो, रँडमला मात्र कुणाची वाट बघावी लागत नाही. आणि एकच सेटिंग तीन सीडवर चालवून पाहा. स्कोअर जेवढा हलतो त्याहून दोन पद्धतींतला फरक कमी असेल, तर जिंकलं कोण हे म्हणताच येत नाही.

टेलिकॉमनगर_रिसर्च
सीडनुसार स्कोअर हलण्याचा मुद्दा रँडमलाही तितकाच लागू आहे. त्याचा सर्वोत्तम रन नशिबाने वर आलेला असू शकतो.

धरमपेठ_कोडर
लागू आहेच. म्हणून वरचे पाच रन नव्या सीडवर पुन्हा चालवायचे आणि मगच एक निवडायचा. बेझियन किती रननंतर खरंच पुढे जातं, यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतं.

खामला_भाऊ
लॉगवालं चालवलं. सगळ्यात चांगला 0.000012 वर आला. आता?

धरमपेठ_कोडर
तो तुमच्या रेंजच्या पार काठावर आहे. खालची हद्द `1e-7` पर्यंत न्या आणि आणखी वीस रन लावा. आधीचे 60 टाकू नका, तेही त्याच आलेखात बसतात.