‘सीड फंडिंग’ला ‘बीज निधी’ म्हणावं का?

दूधवही: आम्ही सातजण. दूध संकलन केंद्रावर फॅट-एसएनएफ मोजलं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर लगेच पावती जाते, असं सॉफ्टवेअर करतो. पहिल्यांदाच बाहेरचे पैसे येताहेत. केंद्रचालकांसाठी मराठीत निवेदन लिहिलंय: ‘आम्हाला बीज निधी मिळाला. या प्रसंगी आम्ही नम्र झालो आहोत. श्रेय टीमला आणि लवकरच्या ग्राहकांना.’ खटकतंय, पण नेमकं काय ते कळेना.

बांधावरून: बीज निधीत सोयाबीनचं बियाणं बसतं का? अर्ज कुठे करायचा?

खर्डेघाशी: घ्या, उत्तर मिळालं! ‘निधी’ म्हटलं की आमदार निधी, मदत निधी आठवतो. परत न मागता दिलेला पैसा. तुम्ही तर हिस्सा देऊन पैसे घेताय. ‘भागभांडवल’ लिहा.

ताळेबंद: हिस्सा दिला हे खरं, पण भागभांडवलात सगळी रक्कम जात नाही. 10 रुपयांचा शेअर 1,000 ला दिला तर भागभांडवलात 10 च जातात, उरलेले 990 अधिमूल्य. ‘पहिली गुंतवणूक’ म्हणा, केंद्रचालकाला तेवढं पुरतं. फारच वाटलं तर ‘बीजभांडवल’.
आणि ‘मिळाला’ हा भूतकाळ आत्ता शोभतो का? नुसती टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद, झाली असेल तर गुंतवणूकदार अजून मागे फिरू शकतो. पैसे खात्यात आले तरी शेअर वाटप करून त्याचं विवरण, म्हणजे PAS-3, कंपनी निबंधकाकडे भरेपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. भरायला वाटपापासून 15 दिवस असतात.

दूधवही: पैसे आलेत, वाटप पुढच्या आठवड्यात. म्हणजे निवेदन थांबवतो.

खर्डेघाशी: ‘नम्र झालो आहोत’ काढाच. मराठीत माणूस नम्र असतो. पैसे आल्यावर होत नाही. ‘लवकरचे ग्राहक’ म्हणजे पहाटे पाचला येणारे.

दूधवही: आमचे येतातच की पाचला! पहिल्या केंद्रावर महिनाभर फॅटचा आकडा एसएनएफच्या रकान्यात छापला जायचा. चालकांनी यंत्र परत केलं नाही, रोज पेनानं खोडून दुरुस्त केलं. आमची सपोर्टवाली मुलगी पहाटे तिथे जाऊन बसायची.

ताळेबंद: मग हेच लिहा ना. फक्त चालकांना विचारून घ्या.

दूधवही: हे कसं वाटतं? ‘आमच्या कंपनीत पहिली गुंतवणूक झाली. चुकीची पावती पेनानं दुरुस्त करून ज्यांनी आम्हाला महिनाभर सांभाळून घेतलं, त्या पहिल्या केंद्रचालकांचे आणि पहाटे तिथे हजर राहिलेल्या आमच्या सहकारी मुलीचे आम्ही ऋणी आहोत.’

खर्डेघाशी: ‘ऋणी’? पैशांच्या बातमीत? लोक म्हणतील कर्ज काढलं.

ताळेबंद: मला ‘ऋणी’ चालेल. ‘झाली’पेक्षा ‘आली’ बरं.

बांधावरून: आमच्या डेअरीत पावतीच मिळत नाही. तुमचं यंत्र केवढ्याला?