अपलोड सुरू असताना कॉल अडकतो: प्लॅन वाढवायचा की राउटरमधली रांग आवरायची?

कासारवडवली_ठाणे: घरी फायबर आहे, डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस. स्पीड टेस्ट चोख येते. पण मुलाच्या फोनवरून व्हिडिओंचा बॅकअप सुरू झाला की ऑफिसच्या कॉलवर माझा आवाज समोर सेकंदभर उशिरा पोहोचतो. मला मात्र सगळे नीट दिसतात. मोठा प्लॅन घ्यावा का?

वाशी_सेक्टर१७: घ्याच. २० चं अपलोड आजच्या घराला पुरत नाही. साधा हिशेब करा. मुलाचे ४ जीबीचे व्हिडिओ २० एमबीपीएसने चढायला जवळपास २७ मिनिटं लागतात, १०० ने साडेपाचच्या आत. तेवढाच वेळ त्रास, मग मोकळे.

खारघर_नेटवर्कवाली: वाशीकरांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यातून निघतो तो निष्कर्ष मला पटत नाही. एचडी कॉललाही वर जायला साधारण दोन-चार एमबीपीएस पुरतात. वेग कमी पडत नाहीये, तुमचा आवाज रांगेत उभा राहतोय. आधी एवढं करून बघा. बॅकअप सुरू असताना विंडोजवर दोन खिडक्यांत हे चालवा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता तुमच्या राउटरचा, वेगळा असेल तर तो टाका. त्याचाच आकडा चढला तर दोष वायफायचा, आणि मग मी पुढे सांगेन त्यातलं काहीच कामाला येणार नाही. राउटर शांत आणि फक्त बाहेरचा आकडा फुगला, तर रांग राउटरच्या पुढे, अपलोडच्या तोंडाशी साचते आहे.

कासारवडवली_ठाणे: केलं ताई. राउटर ३ मिलिसेकंद, हलत नाही. ८.८.८.८ एरवी ६ असतो, बॅकअप लावल्यावर वीस सेकंदांत ८०० च्या पुढे गेला. एकही पिंग हरवला नाही, नुसता उशीर.

खारघर_नेटवर्कवाली: एकही हरवला नाही, हीच मोठी खूण आहे. राउटर फायबरच्या डब्याला गिगाबिटच्या वायरने डेटा देतो आणि डबा तो २० नेच पुढे पाठवू शकतो. उरलेला डेटा बफरमध्ये साठतो. बॅकअपचा डेटा पॅकेट करून पोहोचवण्याचं काम टीसीपी नावाचं तंत्र करतं, आणि पॅकेट हरवेपर्यंत ते वेग वाढवत राहतं. बफर छोटा असता तर पॅकेट लवकर पडलं असतं आणि टीसीपीने हात आखडता घेतला असता. इथे बफर एवढा मोठा आहे की तो भरेपर्यंत त्याला काही कळतच नाही. ८०० मिलिसेकंदांत २० एमबीपीएसने १६ मेगाबिट जातात, म्हणजे साधारण २ एमबीचा साठा कायम पुढे उभा. तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या सगळ्याच्या मागे लागतं. उतरणारी बाजू मोकळी आहे, म्हणून तुम्हाला सगळे नीट दिसतात.

आता वाशीकरांचा प्लॅन. बफर तोच राहिला तर १०० एमबीपीएसला उशीर १६० मिलिसेकंदांवर येईल. सुधारणा आहेच, नाही म्हणत नाही. पण बोलणं सहज वाटायला एका दिशेचा एकूण उशीर १५० च्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते, आणि इथे एकटी रांगच तेवढा वेळ खाते. घोडबंदर रोड कापूरबावडीला कितीही रुंद केला तरी गायमुखच्या घाटात कोंडी व्हायची ती होतेच.

वाशी_सेक्टर१७: मग प्लॅनही बदलू नका. राउटरच्या क्यूओएसमध्ये लॅपटॉपला हाय प्रायॉरिटी द्या. माझ्याकडे चालतं.

खारघर_नेटवर्कवाली: तुमच्या राउटरमध्ये अपलोडचा वेग भरायचा रकाना असेल आणि तुम्ही तो भरला असेल, तर चालणारच. तो रिकामा असेल तर प्रायॉरिटीला काही अर्थ नाही. राउटर गिगाबिटने सोडतो, त्यामुळे त्याच्याकडे रांग तयारच होत नाही. तो पुढे-मागे करणार कोणाला? रांग डब्यात आहे आणि डबा आपलं ऐकत नाही.

म्हणून राउटरला मुद्दाम १८ वर बांधायचं. मग डबा कधी भरत नाही, रांग आपल्या राउटरमध्ये येते आणि तिथे ती शहाणपणाने हाताळता येते. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणारा राउटर असेल तर `luci-app-sqm` टाकून हे कायमचं बसवता येतं. ते टाकलं की रांग हाताळणारी केक नावाची पद्धत तात्पुरती बघायला एक ओळ पुरते:

```
tc qdisc replace dev wan root cake bandwidth 18mbit
```

इंटरफेसचं नाव आपापलं बघून घ्या. लॉगिन लागणारं कनेक्शन असेल तर बहुधा `pppoe-wan` असतं.

कोपरी_जुना_ठाणेकर: हे केक वगैरे मी वाचलंय. ते पॅकेट मुद्दाम टाकून देतं! पैसे भरून घेतलेल्या लाइनवर आपणच आपला डेटा फेकायचा? बफर असतो तो डेटा वाचवायलाच ना? उद्या माझा बँकेचा व्यवहार अर्धवट राहिला तर?

खारघर_नेटवर्कवाली: काका, व्यवहाराला धक्का लागत नाही. पडलेलं पॅकेट टीसीपी पुन्हा पाठवतं, रोज पाठवतंच. पॅकेट पडणं हा पाठवणाऱ्याला मिळणारा इशारा आहे, आणि तो एक सेकंद उशिरा मिळतोय, तिथेच सगळं बिघडतंय.

बफर नकोच असं मी म्हणत नाही. एकदम डेटा आला तर तो झेलायला जागा लागते. त्या झटक्यापुरती रांग लागली आणि ओसरली तर ती चांगली रांग. ओसरतच नाही ती वाईट. हा फरक लांबी मोजून कळत नाही. १९९३ चं रेड नावाचं तंत्र रांगेची सरासरी लांबी बघायचं आणि त्याचे आकडे जुळवता जुळवता लोक कंटाळले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल मांडलं, केकच्या आत त्याचंच रूप चालतं. ते पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं एवढंच बघतं. सलग १०० मिलिसेकंदांत एकदाही हा वेळ ५ च्या खाली आला नाही, तरच एक पॅकेट टाकतं, आणि तरीही रांग हटली नाही तर पुढची अधिकाधिक लवकर. दोन्ही बाजूंना ईसीएन, म्हणजे पॅकेटवरच गर्दीची खूण करायची सोय, चालत असेल तर टाकायच्या ऐवजी नुसती खूण करतं. शिवाय केक प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवतं, त्यामुळे तुमचा आवाज बॅकअपच्या मागे थांबतच नाही.

ऐरोली_वायरलेस: आमच्याकडे वायर नाही, ५जी चा डबा आहे. अपलोड सकाळी ४०, रात्री ८. मी कितीवर बांधू?

खारघर_नेटवर्कवाली: अवघड आहे. ८ वर बांधलं तर सकाळचे ३२ वाया, ३५ वर बांधलं तर रात्री रांग पुन्हा डब्यात. पिंगवर नजर ठेवून मर्यादा आपोआप खाली-वर करणाऱ्या स्क्रिप्ट आहेत, पण वायरसारखी स्थिरता त्यांच्याकडून मागू नका.

कासारवडवली_ठाणे: मित्राचा जुना ओपनडब्ल्यूआरटी राउटर आणून मधे लावला, १८ वर बांधला. बॅकअप पूर्ण जोरात असताना पिंग ९ ते १४. मुलाच्या ४ जीबीला आता ३० मिनिटं लागतील, म्हणजे तीन मिनिटं जास्त. मला चालतंय.

वाशी_सेक्टर१७: तुमच्याकडे राउटर आणून देणारा मित्र होता. सोसायटीतल्या इतर लोकांनी कमांड टाइप करत बसायचं का? कंपनीच्या माणसाला फोन करून प्लॅन वाढवणं त्यांना सोपं आहे, आणि त्रास पाचपट कमी होतो हे तर तुम्हीच मान्य केलंत. मी प्लॅनच सुचवेन.

खारघर_नेटवर्कवाली: तर मग कंपनीने दिलेल्या डब्यातच हे सुरू करून यायला हवं. केबल मोडेमच्या डॉक्सिस ३.१ या मानकात पाय नावाची अशीच पद्धत बंधनकारक आहे. आपल्या फायबरच्या डब्यांकडूनही लोकांनी हेच मागावं असं माझं मत आहे. ग्राहकाने मोठा प्लॅन घेऊन ही उणीव भरून काढायची, हे मला मान्य नाही.

ऐरोली_वायरलेस: सध्या १२ वर बांधून ठेवलंय. रात्रीचा कॉल अजून अडकतोय. त्या स्क्रिप्टचं नाव सांगा.