आजीचा लहान फोटो: आधी मोठा करायचा की आधी साडी-केसांचं काम?

सांगलीकर
आजीचा एकच बरा फोटो आहे, व्हॉट्सॲपवरून आलेला, ९६० बाय १२८० पिक्सेलचा. त्याची १२ बाय १८ इंची फ्रेम करायची आहे. खांद्यावरची शाल काढायची, विस्कटलेले केस सारखे करायचे आणि उडालेला इरकलीचा रंग पुन्हा डाळिंबी करायचा. साडीवर बारीक चौकडा आहे. शाल आणि केसांसाठी एआय फिल वापरणार आहे. अपस्केल आधी करू की सगळं झाल्यावर? फोटो जोडला आहे.

रंगछटा
आधी. पण त्याहीआधी, ज्याच्या फोनमधून फोटो आला त्याला विचारा की मूळ फाइल अजून आहे का, आणि असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. ती मिळाली तर पुढचं निम्मं काम वाचेल.

नाही मिळाली असं धरून बोलतो. तुमचा फोटो उघडून मोजला. हनुवटीपासून टाळूपर्यंत १७६ पिक्सेल भरतात. खऱ्या डोक्याची ही उंची साधारण २२ सेंटिमीटर धरली तर एका सेंटिमीटरला ८ पिक्सेल झाले, म्हणजे एक पिक्सेल सव्वा मिलिमीटरचा. चौकड्याचा एक चौकोन अर्ध्या सेंटिमीटरचा वाटतो, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम ४ पिक्सेल आले.

आता एआय फिल काय करतं ते बघा. स्टेबल डिफ्युजनच्या जातीची मॉडेल्स चित्रावर थेट काम करत नाहीत. ८ बाय ८ पिक्सेलचा एकेक तुकडा आवळून एका घरात बसवतात, तिथे काम करतात आणि मग पुन्हा उलगडतात. तुमच्या मूळ आकारात एका घरात आडवे दोन आणि उभे दोन, असे चार चौकोन कोंबले जातात. तिथून चौकडा धड परत येणार नाही, त्याजागी बहुधा साडीच्या रंगाचा सपाट पट्टा येईल. चौपट मोठं केलंत की एक चौकोन १६ पिक्सेलचा होतो, दोन घरं रुंद. मग मॉडेलला निदान तो धरता तरी येतो. केसांचंही असंच आहे. आता डोक्याला २२ घरं मिळतात, चौपट केल्यावर ८८.

फ्रेमच्या मापाला फोटो ८५३ बाय १२८० असा कापावा लागेल. आत्ता तो इंचाला ७१ पिक्सेल पडतो, चौपट केल्यावर २८४. छपाईला तेवढं भरपूर आहे.

जुना_निगेटिव्ह
माझं मत नेमकं उलट. तीस वर्षं रीटचिंग केलं आहे, आधी ब्रशने, मग संगणकावर. जे फोटोत नाही ते अपस्केल कुठून आणणार? मशीन अंदाजाने भरतं. तुम्ही त्या अंदाजावर शाल काढणार, त्यावर केस बसवणार, म्हणजे अंदाजावर अंदाज. त्यापेक्षा लहान फोटोतच शाल काढा, रंग करा आणि शेवटी सगळं एकदम मोठं करा. मग मूळ भाग नि दुरुस्त केलेला भाग एकाच चाळणीतून जातो आणि पोत सारखा दिसतो. आधी मोठं केलं की ठिगळ उठून दिसतं.

रंगछटा
काका, क्लोन स्टॅम्पपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. शेजारचंच कापड उचलून शालीच्या जागी ठेवलं तर त्याच्याबरोबर जेपीईजीची खरखरही येते. मग शेवटी अपस्केलरला दोन्ही भाग सारखेच मळलेले दिसतात.

पण एआय फिलने भरलेला भाग स्वच्छ असतो. त्यात ना जेपीईजीचे ८ बाय ८ चे ठोकळे, ना कडेची धूळ. तो भाग आणि भोवतीची मळकी साडी एकाच अपस्केलरला दिलीत तर स्वच्छ भागावर तो रेघ अन् रेघ कोरतो आणि मळक्या भागाला गुळगुळीत करून सोडतो. चाळणी एक असली तरी तिच्यातून निघतं ते वेगवेगळं. फरक शालीच्या कडेने बरोबर दिसतो.

आणि केस लहान आकारात रंगवायचे कसे? एक केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. इथल्या एका पिक्सेलच्या रुंदीत सतरा-अठरा केस बसतात. एक पिक्सेलचा ब्रश फिरवला तरी ती बट झाली, आणि चौपट केल्यावर तिचा दोरखंड होईल.

फ्रेमवाला
आमच्याकडे रोज लोक फाइल घेऊन येतात आणि सांगतात, ७२ डीपीआयची ३०० करून आणली आहे. पिक्सेल तेवढेच असतात, फक्त आकडा बदललेला. छाप तशीच येते. सांगलीकर, तेवढं मात्र करू नका.

दुसरं, १२ बाय १८ ची फ्रेम भिंतीवर लागली की माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो. इंचाला १५० पिक्सेल असले तरी काम भागतं. मी तर दुप्पटच सुचवेन. चौपट केलेले चेहरे काचेमागे मेणाचे दिसतात, हे रोज बघतो. मॅट कागद घ्या, थोडी मऊ छाप त्यावर खपून जाते.

ठाणेकर_ताई
मला एक सांगावंसं वाटतं, सगळ्यांनी जपा. आमच्या आईचा फोटो एका स्टुडिओत असाच मोठा करून घेतला. साडीचे काठ सुंदर आले, केस छान आले, पण कपाळावरचं गोंदण गेलं. भुवयांच्या मधोमध हिरवा ठिपका होता, लहानपणी गोंदलेला. तो पुसून तिथे नितळ कातडी आली होती. डोळेही जरा मोठे झाले होते. बाबा फोटोकडे बघून म्हणाले, “ही कोण?” स्टुडिओवाल्याला कळेचना काय बिघडलं, कारण फोटो दिसायला चांगलाच होता. चेहऱ्याला हात न लावता हे होऊ शकतं का?

रंगछटा
होऊ शकतं, ताई. तुमच्याकडे बहुधा चेहरा सुधारण्याचा पर्याय चालू राहिला असणार. जीएफपीगॅनसारखी मॉडेल्स हजारो चेहऱ्यांवर शिकलेली असतात आणि अस्पष्ट चेहऱ्याला त्या शिकवणीतला जवळचा चेहरा चढवतात. अंधुक हिरवा ठिपका त्यांच्या लेखी डाग. तो पर्याय बंद ठेवायचा. चेहऱ्यासाठी वेगळी प्रत घ्यायची, ती साध्या बायक्युबिकने मोठी करायची आणि मास्क लावून वर बसवायची. थोडी मऊ दिसेल, पण चेहरा तुमच्या आईचाच राहील.

सांगलीकर, रियल-ईएसआरगॅन हा अपस्केलर आज्ञेने चालवणार असाल तर मॉडेलचं नाव स्वतः लिहा:

```
realesrgan-ncnn-vulkan -i aaji.png -o aaji4x.png -n realesrgan-x4plus
```

`-n` सोडलंत तर ते ॲनिमेसाठी बनवलेलं मॉडेल उचलतं. त्याने कापडाचा पोत सपाट होतो, केसांच्या पट्ट्या होतात, आणि मग लोक अपस्केलिंगलाच नावं ठेवतात. आणखी एक, आधी शार्पन करू नका. शार्पनने कडेला जी पांढरी किनार येते ती मोठी होऊन खरी रेघ बनते. काठाशेजारी नसलेली जरीची रेघ दिसायला लागेल.

जुना_निगेटिव्ह
बरं, केसांचं आणि फिलचं म्हणणं मान्य. पण रंगाचं काय? रंग बदलायला अपस्केल कशाला हवं? वेगळ्या लेयरवर डाळिंबी रंग भरायचा, ब्लेंड मोड `Color` ठेवायचा. पोत उजेड-अंधारात असतो, त्याला धक्काच लागत नाही. आम्ही कृष्णधवल फोटोवर हाताने रंग चढवायचो तेव्हाही हेच तत्त्व होतं.

रंगछटा
साडीच्या मधल्या भागात अगदी खरं. अडचण काठाशी येते. व्हॉट्सॲपच्या जेपीईजीत बहुधा रंगाची माहिती उजेडाच्या निम्म्या बारकाईने साठवलेली असते, आडवी आणि उभी दोन्हीकडे. म्हणून जुन्या साडीचा रंग काठावर आणि हातावर पिक्सेल-दोन पिक्सेल सांडलेला असतो. लहान फोटोत मास्क काढला तर ती सांडलेली कड डाळिंबी होते किंवा जुन्याच रंगाची राहते, आणि मोठं केल्यावर पदराभोवती रेघ उमटते. मोठ्या प्रतीवर मास्कची कड सहा-आठ पिक्सेलने आत-बाहेर सरकवता येते, मऊ करता येते. शिवाय फिक्या साडीला गडद डाळिंबी करायचं म्हणजे नुसता रंग पुरत नाही, कर्व्हने उजेडही खाली ओढावा लागतो. तो ओढला की जेपीईजीचे ठोकळे वर येतात. म्हणून जेपीईजीची धूळ मूळ आकारातच, हलक्या हाताने काढून घ्यावी आणि मगच मोठं करावं.

सांगलीकर
मूळ फाइल मिळाली नाही, फोन केव्हाच गेला. धूळ काढून, मॉडेलचं नाव लिहून चौपट केलं. केस बरे वाटतात, अंबाड्याजवळच्या पांढऱ्या बटा वेगळ्या दिसतात. काठ उत्तम. पण मांडीवर जिथे साडी दुमडली आहे तिथे चौकडा तिरका, नागमोडी झाला आहे. तो खरा आहे की मशीनने काढला, हे कसं ओळखू?

रंगछटा
मोठी प्रत पुन्हा ९६० बाय १२८० करा, मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवा आणि ब्लेंड मोड `Difference` करा. सगळीकडे जवळपास काळं दिसलं तर अपस्केलर मूळ पिक्सेलांना धरून आहे. थोडी बारीक खरखर दिसणारच, ती काढलेली धूळ आहे. पण रेघा उजळून दिसल्या तर त्या जागी त्याने रेघा हलवल्या आहेत.

मात्र मांडीवरच्या भागात हेही पुरणार नाही असं वाटतं. घडीत कापड तिरकं होतं, तिथे चौकोन ४ पिक्सेलवरून २ च्याही खाली जातो. कॅमेऱ्याने तिथे मुळातच खोटी नक्षी टिपलेली असते आणि अपस्केलर तीच इमानदारीने कोरतो. `Difference` काळं येईल आणि तरीही चौकडा चुकीचा असेल. म्हणून दिशा बघा: समोरच्या सपाट भागातल्या रेघा घडीकडे जाताना कापडाबरोबर वळतात का? घडीत शिरताच दिशा तोडून उलट जात असतील तर त्या खोट्या.

सांगलीकर
पाहिलं. दोन घड्यांत रेघा तुटून उलट जातात. पदरावर ठीक आहेत.

रंगछटा
मग त्या दोन घड्यांपुरता मास्क लावून तिथे बायक्युबिकची मऊ प्रत येऊ द्या. नक्षी दिसणार नाही, नुसती सावली दिसेल, आणि घडीत तसं चालतं. मग शाल काढा. फिलला मास्कभोवतीचं चांगलं रुंद कापड दिसू द्या, म्हणजे चौकड्याचं माप ते तिथून घेईल. केस शेवटी. सगळं झाल्यावर पूर्ण फोटोवर एकच हलकं ग्रेन टाका.

फ्रेमवाला
ग्रेन पक्कं करण्याआधी ८ बाय १२ ची एक चाचणी छाप काढा. पडद्यावर हलकं वाटणारं ग्रेन मॅट कागदावर कधी नाहीसं होतं, कधी मुरुमासारखं दिसतं. ते कागदावर ठरतं.

जुना_निगेटिव्ह
शाल आणि रंगाला हरकत नाही. विस्कटलेल्या केसांवर मात्र माझं अजून पटत नाही. वाऱ्याने कानाजवळ आलेली बट खरीच तिथे होती, कॅमेऱ्याने ती टिपली आहे. ती काढून त्या जागी भरणार ते केस कोणाचेच नाहीत. एका पिक्सेलमध्ये सतरा केस असतील तर तिथे नेमकं काय होतं हे सांगणारं कोणीच नाही, ना तुम्ही ना मशीन. घरातल्या मोठ्यांना विचारा, आजी केस तेल लावून चापून बसवायच्या की सैल ठेवायच्या.

सांगलीकर
आत्याला विचारलं. ती म्हणते, ती बट कायम तशीच असायची. बट ठेवतोय, फक्त डाव्या बाजूचा गुंता आवरतो.