शब्दचर्चा: ‘शुभ सकाळ’ कुणाची, लिहिणाऱ्याची की वाचणाऱ्याची?

मांजराकाठ (अंबाजोगाई)

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे आणि दर रविवारी सकाळी सात वाजता माजी विद्यार्थ्यांना ईमेलनं एक पत्र पाठवते. गावात पाऊस किती झाला, कुणाकडे लग्न आहे, कोण गेलं, शाळेच्या नव्या खोलीचं काम कुठवर आलं, असं सगळं त्यात असतं. सुरुवात ठरलेली: ‘शुभ सकाळ, बाळांनो’.

गेल्या रविवारी न्यू जर्सीहून एकाचं उत्तर आलं. ‘बाई, तुमची शुभ सकाळ मला कायम शनिवारी रात्री जेवताना मिळते.’ त्यानं मायेनंच लिहिलं होतं, पण माझ्या मनातून ते जाईना. पत्र पुण्या-लातुराला जातं तसं दुबई, लंडन, सिडनीलाही जातं. मग सुरुवातीला कोणता शब्द लिहावा? सकाळ सोडवत नाही, कारण मी खरंच सकाळी अंगणात बसून लिहिते.

वेलांटी

बाई, आधी एक सांगते. ‘शुभसकाळ’ असं जोडून लिहू नका. शुभ हे विशेषण आणि सकाळ हे नाम, म्हणून दोन शब्द वेगळे. ‘सुप्रभात’ मात्र एकच शब्द, कारण त्यात ‘सु’ हा उपसर्ग आहे. लोक ‘शुभ प्रभात’ही लिहितात, ते वेगळं.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

वेलांटी, मी वेगळंच लिहिते. माझी अडचण लेखनाची नाही, वेळेची आहे.

गोदाकाठचा (नांदेड)

एवढा विचार काऊन करायलात बाई? रविवारी रात्री आठला पाठवा. अमेरिका आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे, म्हणजे तिकडं सकाळचे साडेनऊ. बिनधास्त ‘शुभ सकाळ’ लिहा.

एडिसनवाला

बाईंना ते उत्तर लिहिणारा मीच. बाई, टोचावं म्हणून लिहिलं नव्हतं हो.

गोदाकाठभाऊ, तुमचं गणित वर्षातले चारेक महिनेच जुळतं. साडेदहा तास हे हिवाळ्यातलं अंतर. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथली घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. मधले महिने आम्ही साडेनऊ तास मागे असतो. म्हणून बाईंचं सातचं पत्र जानेवारीत मला शनिवारी रात्री साडेआठला येतं आणि जूनमध्ये साडेनऊला.

आणि तुम्ही म्हणता तसं रात्री आठला पाठवलं, तर मला सकाळ मिळेल, पण दुबईत संध्याकाळचे साडेसहा झालेले असतील आणि सिडनीत मध्यरात्र उलटून सोमवार लागलेला असेल. पाचही गावांना एकाच वेळी सकाळ मिळेल असा क्षणच नाही. मी कागदावर मांडून पाहिलं आहे.

कोडकरी (छ. संभाजीनगर)

हे काम यंत्रावर सोपवा ना. ही एक ओळ तास काढून देते:

```
new Date().getHours()
```

बारापर्यंत शुभ सकाळ, पाचपर्यंत शुभ दुपार, पुढे शुभ संध्याकाळ. आमच्या वेबसाइटवर आम्ही हेच केलंय.

एडिसनवाला

वेबसाइटवर ते चालतं, कारण तिथे ही ओळ वाचणाऱ्याच्या फोनवर चालते आणि त्याचंच घड्याळ बघते. ईमेल उघडल्यावर मात्र असा कोड चालत नाही. शब्द पाठवतानाच ठरतो, तोही पाठवणाऱ्या सर्व्हरच्या घड्याळावर. बरेच सर्व्हर यूटीसीवर लावलेले असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. बाईंचे सकाळचे सात, तर सर्व्हरचा रात्रीचा दीड. मी एका कामात ही चूक स्वतः केली आहे. भारतातल्या लोकांना ऐन दुपारी ‘शुभ सकाळ’ जात होतं, आणि साडेपाच तासांचा फरक दिसला तेव्हा कुठे कारण सापडलं.

प्रत्येकाचा टाइमझोन नोंदवून घेतला, `America/New_York`, `Asia/Dubai` असा, तर ज्याच्या त्याच्या सकाळी सातला पत्र पोचवता येतं. पण तो विचारून घ्यावा लागतो. फोन नंबरावरून ओळखू म्हणाल, तर माझा भाचा इथं शिकायला आलाय आणि अजून +91 चाच नंबर वापरतो. आणि एवढं करूनही मी पत्र उघडणार मंगळवारी संध्याकाळी, ऑफिसातून घरी आल्यावर.

जुनी पोस्टपेटी (परभणी)

एडिसनवाले, तुमचं शेवटचं वाक्यच मला महत्त्वाचं वाटतं. मी टपाल खात्यात नोकरी केली. परभणीचं पत्र मुंबईला पोचायला दोन दिवस लागत, खेड्यात गेलं तर चार. ते कोणत्या वेळी हातात पडेल हे लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसायचं. म्हणून मराठी पत्राच्या मायन्यात वेळ आलीच नाही. थोरांना ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्यांना ‘स. न. वि. वि.’, त्यात सप्रेम. लहानांना ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. यात नातं दिसतं, वय दिसतं, मान दिसतो. सकाळ-संध्याकाळ कुठेच नाही.

समोरासमोरही तसंच. राम राम, नमस्कार, राम कृष्ण हरी, जय भीम, महानुभावांचा दंडवत, लातूर-नांदेडकडच्या लिंगायत घरांतलं शरणार्थ, यातलं काहीही पहाटे म्हणा नाहीतर दिवेलागणीला. ‘शुभ सकाळ’ आणि विशेषतः ‘शुभ दुपार’ हे इंग्रजी साच्यात मराठी शब्द बसवून आलेत. आमच्या घरात ‘शुभ दुपार’ म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

आणखी एक. इंग्रजीत रात्रीच्या दोनलाही मॉर्निंगच म्हणतात. आपण ‘रात्रीचे दोन’ म्हणतो, ‘पहाटेचे चार’ म्हणतो, सकाळ उजाडल्यावरची. पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयाला बदलतो. हिवाळ्यात बाईंचं पत्र लंडनला रात्री दीडला पोचतं. इंग्रज त्याला मॉर्निंग म्हणेल, पण आपल्या लेखी ती मध्यरात्रच.

गोदाकाठचा (नांदेड)

मग रात्रीवाल्यांना ‘शुभ रात्री’ लिहावं का?

जुनी पोस्टपेटी (परभणी)

नाही, तिथे मोठा घोटाळा होईल. ‘शुभ रात्री’ हा निरोप आहे. ते म्हणून माणूस झोपायला जातो. पत्राच्या सुरुवातीला ते आलं तर बोलणं सुरू व्हायच्या आधीच उठून गेल्यासारखं वाटेल. रात्री भेटल्यावर म्हणायचा वेगळा शब्द मराठीत नाही, आणि त्याची गरजही कधी पडली नाही, कारण नमस्कार होता.

दख्खनी

काका, उर्दूतही हेच. माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, शाळा उर्दूतून. ते पत्रं मराठीत लिहायचे, पण ओळखीच्या मुसलमान मित्रांना वर ‘आदाब’ घालायचे. ‘सुबह बखैर’ भेटल्यावर, ‘शब बखैर’ मात्र उठतानाच. मी आठ वर्षं दुबईत आहे. इथे नांदेडचे, बीडचे, केरळचे, लाहोरचे सगळे एका खोलीत राहतो. कुणी रात्रपाळीहून येतो, कुणी सकाळपाळीला निघतो. एकाची सकाळ ती दुसऱ्याची झोपायची वेळ, तेही एकाच शहरात, एकाच छताखाली. आम्ही फक्त सलाम किंवा नमस्कार म्हणतो. त्यामुळे मला वाटतं, हा प्रश्न फक्त देशांच्या घड्याळांचा नाही.

वेलांटी

पण मला ‘सुप्रभात’ टाकून द्यावंसं वाटत नाही. त्यात प्रार्थना आहे. देवाला जागवायला म्हणतात ते सुप्रभातम्. बाईंनी ते मनापासून म्हटलं, तर वाचणाऱ्याच्या घड्याळानं त्याचं काय बिघडतं? आशीर्वाद रात्री पोचला म्हणून शिळा होत नाही.

जुनी पोस्टपेटी (परभणी)

जागवायला म्हणतात, हेच तर. ज्याचा दिवस मावळला त्याला जागवून काय करायचं? इथे आपलं एकमत होईलसं दिसत नाही, वेलांटीताई.

सिडनीतली लेक

बाई, मी दहावीच्या तुकडीतली. मला ‘शुभ सकाळ’ इथल्या उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला मिळते आणि ती मला फार आवडते, आधीच सांगते. मला त्रास झाला तो दुसऱ्याच शब्दाचा. जानेवारीत तुम्ही लिहिलं होतं, ‘आज रात्री आठ वाजता नव्या खोलीसाठी ऑनलाइन बैठक’. मी माझ्या आठला लिंक उघडून बसले. तेव्हा अंबाजोगाईत दुपारचे अडीच वाजले होते. अर्धा तास एकटीच होते.

एडिसनवाला

अगं, माझं त्याहून वाईट झालं! मी पत्र उघडलं शनिवारी रात्री साडेआठला. ‘आज रात्री आठ’ वाचलं आणि वाटलं, अर्ध्या तासानं चुकलं. लॅपटॉप बंद करून झोपलो. खरी बैठक माझ्या रविवारी सकाळी साडेनऊला होती. मी घरीच होतो.

मांजराकाठ (अंबाजोगाई)

हे मला दोघांनीही सांगितलं नव्हतं. त्या बैठकीला तुम्ही आला नाहीत म्हणून मी मनात धरलं होतं. आता ‘आज’, ‘उद्या’ कधीच नुसतं लिहिणार नाही. वार, तारीख आणि ‘भारतातले रात्रीचे आठ’ असं लिहीन, आणि खाली तुमच्या चार-पाच गावांच्या वेळा.

सुरुवातीबद्दल पोस्टपेटीकाकांचं पटलं. पण सकाळही ठेवायची आहे. काकांमुळे जुन्या पोस्टकार्डावरची ओळ आठवली: ‘इकडे सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवावे’. लिहिणारा इकडचं सांगायचा आणि तिकडचं विचारायचा. तिकडचं गृहीत धरायचा नाही. त्या चालीवर असं लिहून पाहिलं:

‘बाळांनो, अनेक आशीर्वाद. इकडे अंबाजोगाईत रविवारची सकाळ आहे, सात वाजलेत, अंगणात गार हवा सुटली आहे. तिकडे जी वेळ असेल ती सुखाची जावो.’

जुनी पोस्टपेटी (परभणी)

उत्तम. शुभेच्छेतली सकाळ बातमीत गेली, आता ती कुणाच्याच घड्याळाला आडवी येत नाही. एकच बदल सुचवतो. दोन-चार ओळींच्या निरोपात एवढं लांब लिहू नका, तिथे नुसता ‘नमस्कार’ पुरे.

वेलांटी

वाक्य छान आहे बाई, पण मला अजूनही त्यात ‘सुप्रभात’ हवं होतं.

सिडनीतली लेक

बाई, ‘अनेक आशीर्वाद’ ठेवा. पण मधूनमधून एखाद्या रविवारी चुकून ‘शुभ सकाळ’ लिहिलंत तरी चालेल. तुम्ही वर्गात शिरताना आम्ही उभं राहून तेच म्हणायचो.

कोडकरी (छ. संभाजीनगर)

आमच्या साइटवर आज ‘शुभ दुपार’ काढून ‘नमस्कार’ केलं. एक प्रश्न उरलाच: पत्राच्या शेवटी ‘शुभ रात्री’ चालेल का? तिथे तर निरोपच आहे.